अर्ध्या दाराचा आवाज

जुन्या बँकांमधून साहेबांच्या खोलीला पूर्ण दार नसायचं. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत येणाऱ्या दोन फळ्या, त्यांना दोन्हीकडं उघडणाऱ्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या. आत ढकला, बाहेर ढकला, दार वाट द्यायचं, आणि माणूस निघून गेला तरी आपल्या जागी थांबण्याआधी बराच वेळ झुलत राहायचं. आमच्या मुख्य कार्यालयातल्या दाराची डावी बिजागरी कोरडी पडलेली होती. त्यामुळं त्या झुलण्याला आवाज होता. कर्रर्र-खट्. मग थोडं हळू, कर्रर्र-खट्. मग नुसतंच कर्रर्र. मग काही नाही. लक्ष्मी रस्त्यामागच्या गल्लीतल्या त्या दगडी इमारतीचं बाकी पुष्कळसं मी विसरलो आहे, शाईचे डाग पडलेल्या टेबलांचा क्रम आता सांगता येणार नाही, पण तो आवाज मात्र कुठल्याशा हॉटेलात, एखाद्या जुन्या दवाखान्यात अवचित कानावर येतो आणि मी क्षणभर मान खाली घालतो. तिथं सगळेच तसं करायचे. कोणीतरी आतून बोलणी खाऊन बाहेर आलं की सगळा हॉल एकदम लेजरमध्ये डोकं घालून बसायचा.

अर्ध्या दाराची गंमत अशी, की त्यानं आतला माणूस झाकला जातो, आवाज झाकला जात नाही. साहेबांचा आवाज तर झाकण्यासारखा नव्हताच. त्यामुळं आत काय झालं हे बाहेर येणाऱ्याला सांगावं लागत नसे, आणि तेच जास्त लागायचं. चूक दाखवली जाण्याचं दुःख एवढं मोठं नसतं. ती दाखवली जात असताना चौदा-पंधरा कान टवकारलेले आहेत, हे मानेच्या मागच्या बाजूला कळत असतं, त्याचं दुःख मोठं.

मी कर्जखात्यात नवा होतो आणि स्वभावानं, आमची आई म्हणायची तसा, उगाळणारा. साहेब मला चार मिनिटं बोलले असतील तर ती चार मिनिटं मी चार दिवस पुरवायचो. संध्याकाळी पीएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो की डेक्कनच्या पुलापर्यंत साहेब पुन्हा बोलायला लागायचे. पुलावर मी त्यांना उत्तर द्यायचो. असं खणखणीत उत्तर, की त्यांना खुर्चीत मागं सरकावं लागे. कर्वे रस्त्याला लागेपर्यंत ते त्या उत्तरावर आणखी काहीतरी टोचून बोलायचे, आणि मग घरी आमटी-भात जेवताना, रात्री उशी पलटताना, सकाळी दाढीचा साबण फेसताना हेच. गंमत म्हणजे दरवेळी साहेबांच्या तोंडी थोडी नवी वाक्यं यायची. तिसऱ्या दिवशी जे साहेब माझ्याशी भांडत असत ते खऱ्या साहेबांपेक्षा कितीतरी दुष्ट आणि, खरं सांगायचं तर, कितीतरी हुशार झालेले असत. हे सगळं मीच लिहितो आहे, दोन्हीकडचे संवाद माझेच आहेत, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नसतं. ते लक्षात आलं ते शेजारच्या टेबलामुळं.

शेजारच्या टेबलावर ताई बसायच्या. सगळं खातं त्यांना ताईच म्हणे; शिपाई, ऑफिसर, एकदा तर साहेबही चुकून म्हणून गेले होते. कर्जखात्यात त्यांची वीसेक वर्षं झाली असतील. शांत माणसाबद्दल आपण पटकन म्हणतो, की त्यांना काही लागतच नाही. ताईंना लागायचं. मी अगदी शेजारून पाहिलं आहे.

ऑगस्टातली गोष्ट. पाऊस रिपरिप चाललेला, छत्र्या जिन्यात उघड्या करून ठेवलेल्या. एका हार्डवेअरच्या दुकानदाराच्या कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव ताईंनी तयार करून आत पाठवला होता. तीन हातांतून गेलेला कागद होता तो, शाखेच्या, ताईंच्या आणि वर एका ऑफिसरच्या. पण हाक ताईंना आली. त्या आत गेल्या, दार झुललं, थांबलं, आणि मग साहेबांचा आवाज फळ्यांवरून बाहेर आला.

"एवढी वर्षं पगार घेताय तो कशाचा? ऑगस्टमध्ये प्रस्ताव आणताय आणि आत जूनचं स्टॉक स्टेटमेंट! डोळे मिटून सह्या करता तुम्ही लोक. असलं काम माझ्या टेबलावर आलं याची मला लाज वाटते."

फाइल टेबलावर आपटल्याचा आवाज. मग दार. कर्रर्र-खट्.

सगळ्यांच्या माना खाली. माझीही, पण माझं टेबल इतकं जवळ होतं, की मान खाली असूनही मला त्यांचा हात दिसत होता. त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायला घेतलं आणि तांब्याचा काठ पेल्यावर टकटक वाजला. दोनदा. त्यांनी तांब्या खाली ठेवला, हात मांडीवर ठेवला, थोड्या वेळानं पुन्हा उचलला. तेवढ्यात शिपाई एक व्हाउचर सहीला घेऊन आला. ताई म्हणाल्या, "ठेव तिथं. तासाभरानं करते." तो म्हणाला, "ताई, नुसती सही तर आहे." त्यावर त्या अगदी सहज, जणू कार्यालयाचा नियमच सांगावा तशा म्हणाल्या, "हात थरथरत असताना सही करायची नसते."

पुढं कितीतरी वर्षांनी, बँक सोडून मी लिहिण्या-वाचण्याच्या धंद्यात पडल्यावर, या वाक्याचा शरीरापुरता अर्थ मला एका ठिकाणी सापडला. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या दोघींनी 2004 साली ताणाविषयीचे 208 प्रयोग एकत्र करून तपासले होते. माणसाला अवघड काम देणं, मोठा आवाज ऐकवणं, गणितं घालणं असे नाना प्रकार त्या प्रयोगांत होते. त्यांना दिसलं ते असं, की रक्तातलं कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात सावकाश उतरतं ते कोणीतरी आपल्याला जोखतं आहे आणि आपल्या हातात मात्र काही नाही, अशा वेळी. म्हणजे अर्ध्या दाराच्या आत उभं असताना. हे द्रव्य लगेच चढत नाही. बोलणी संपून आपण टेबलाशी येऊन बसतो तेव्हा ते चढतीला लागलेलं असतं, आणि पुरतं उतरायला तास-दीड तास सहज जातो. त्या तासात जे सुचतं ते आपण विचार करून ठरवलं असं वाटतं खरं, पण त्यात बराचसा वाटा नाडीचा असतो. राजीनामे, लांबलचक खुलासे, 'मला वाटतं तुम्ही माझ्यावर अन्याय करताय' अशी सुरुवात होणारी पत्रं याच तासात लिहिली जातात. ताईंना कॉर्टिसॉल ठाऊक नव्हतं. त्यांना पेल्यावर वाजणारा तांब्या ठाऊक होता, आणि तेवढं पुरत होतं.

तासाभरात त्या गप्प बसून राहिल्या असंही नाही. जुनी स्टेटमेंटं टाचणीतून सोडवून तारखेवार लावत बसल्या. हाताला काम, डोक्याला सुट्टी. मधेच एकजण येऊन कुजबुजला, "काय हो हे, ताई! एवढं बोलायचं म्हणजे काय! चला, चहा घेऊ." त्या टपरीवरच्या चहाची मला चांगली माहिती होती. साहेबांच्या बोलण्याची तिथं साग्रसंगीत उजळणी व्हायची, प्रत्येकजण आपापल्या जुन्या जखमेवरची खपली काढून दाखवायचा, आणि आपण एकटे नाही या भावनेनं ऊर भरून यायचा. पण परत जिना चढताना राग दुप्पट झालेला असायचा. मैत्री घट्ट होते आणि मन आणखी खाली जातं, अशी ती दुधारी सोबत. ताई म्हणाल्या, "चहा इथंच मागव ना. आणि तुझ्या मुलीच्या ॲडमिशनचं काय झालं ते सांग."

साडेतीनच्या सुमारास त्यांनी खणातून पे-इन स्लिपांचा एक जुना गठ्ठा काढला. रद्द झालेल्या, पाठकोऱ्या. एक स्लिप उलटी करून त्यांनी साहेबांची वाक्यं एकाखाली एक लिहिली, जशी बोलली होती तशी. मग मला विचारलं, "तू ऐकलंस ना? काही राहिलं का?"

मी म्हणालो, "तुमची लायकी काढली त्यांनी, ते राहिलं."

"लायकी हा शब्द म्हणाले ते?"

मी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. दीड-दोन तासांत, आणि तेही दुसऱ्याला पडलेल्या बोलण्यात, मी माझ्या पदरचा शब्द घातला होता. बसमधले माझे सगळे साहेब त्या क्षणी डोळ्यांपुढून गेले. आठवण ही टेपवर भरून ठेवलेली नसते. दरवेळी आपण ती नव्यानं म्हणतो आणि म्हणताना मनाच्या त्या वेळच्या रंगाचं काहीतरी तिला लागतं. म्हणून ताईंची घाई होती. संध्याकाळ व्हायच्या आत, वाक्यं अजून साहेबांचीच आहेत तोवर, ती कागदावर उतरवायची.

मग त्यांनी त्या चार वाक्यांपैकी एकाच्या खाली रेघ मारली. ऑगस्टच्या प्रस्तावात जूनचं स्टेटमेंट. बाकीच्या तिन्हींपुढं काहीच केलं नाही. ती खोडली नाहीत, त्यांच्यावर काट मारली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांत करण्यासारखं काही नाही. पगार कशाचा घेते, याचं उत्तर कुठल्या फाइलीत लावू?"

रेघ मारलेल्या वाक्याचं मात्र त्यांनी पुरतं पोस्टमार्टेम केलं, आणि ते मला मुद्दाम सावकाश सांगावंसं वाटतं, कारण मी आयुष्यभर नेमकी हीच जागा चुकवत आलो होतो. माझा प्रश्न असायचा, माझ्याच बाबतीत असं का होतं. ताईंचा प्रश्न होता, जूनचा कागद त्या फाइलीत राहिला कसा. पहिल्या प्रश्नाला तळ नाही; त्यात उतरत गेलो की लहानपणच्या गणिताच्या मास्तरांपर्यंत जाता येतं. दुसऱ्या प्रश्नाला दहा मिनिटांत उत्तर मिळतं. फाइल जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडली होती, तेव्हा जूनचंच ताजं होतं. दुकानदारानं जुलैचं स्टेटमेंट शाखेत वेळेवर दिलं होतं, शाखेनं ते टपालात पाठवलंही होतं. पण टपाल आवकच्या टेबलावरून त्या-त्या खातेदाराच्या फाइलीत जायचं, आणि प्रस्तावाची फाइल वेगळी, ती तेव्हा ऑफिसरच्या कपाटात. कागद होता. दुसऱ्या फाइलीत होता.

ताईंनी तो काढला आणि पाठकोऱ्या स्लिपेवरच हिशेब मांडला. जूनच्या कागदाप्रमाणं दुकानातला माल 8 लाखांचा आणि त्यापैकी व्यापाऱ्यांचं देणं 1 लाख 60 हजार; म्हणजे स्वतःच्या पैशाचा माल 6 लाख 40 हजार, त्यातून 25 टक्के मार्जिन वजा जाता ड्रॉइंग पॉवर 4 लाख 80 हजार. जुलैत माल 7 लाख 60 हजारांवर आला होता आणि देणं 2 लाखांवर गेलं होतं. तीच वजाबाकी केली, तर 4 लाख 20 हजार. फरक 60 हजारांचा. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "साहेबांचं म्हणणं साठ हजारांचं खरं आहे." आणि थोड्या वेळानं, हसू दाबत, "बाकीचं बिनव्याजी."

आता त्या दोन प्रश्नांमधला फरक नुसता पुस्तकी नाही. एडवर्ड वॉटकिन्स नावाचे इंग्लंडमधल्या एक्सेटरचे मानसशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं एवढ्याच गोष्टीचा पाठपुरावा करत आले आहेत, की घडलेलं पुन्हा आठवणं मुळात वाईट नाही. ते कुठल्या अंगानं आठवलं यावर सगळं आहे. 'असं का झालं, याचा अर्थ काय, मी असा कसा' या अंगानं गेलेलं मन अपयशानंतर जास्त काळ खाली राहतं, आणि 'आधी काय झालं, मग काय झालं, कुठल्या क्षणी वळण लागलं' या अंगानं गेलेलं मन त्याच अपयशातून लवकर वर येतं. आठवणारा माणूस तोच, आठवणही तीच. एकात आपण आपल्याविषयी बोलत असतो, दुसऱ्यात कागदाविषयी.

आणि उगाळणं हा नुसता दुबळ्या मनाचा छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी सुझन नोलन-हुक्सेमा यांची गोष्ट सांगतो. त्या कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला शिकवत होत्या. आपल्या विद्यार्थ्यांना वाईट वाटलं की ते काय करतात, त्याभोवती घिरट्या घालतात की दुसऱ्या कशात हात घालतात, अशी एक प्रश्नावली त्यांनी 1989 च्या ऑक्टोबरात मुलांकडून भरून घेतली होती, साधं संशोधनाचं काम म्हणून. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. हादरा सगळ्यांना एकच. त्यांनी त्याच मुलांना दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी गाठलं. आणि आधीपासून घिरट्या घालणारी मुलं, मुळात ती किती खिन्न होती हे हिशेबात धरूनसुद्धा, इतरांपेक्षा जास्त खचलेली निघाली. सात आठवड्यांनीही. जमीन तर कधीच थांबली होती.

हे वाचलं तेव्हा मला ते दार आठवलं. माणूस जाताना दाराला एकदाच धक्का देतो. पुढचं झुलणं दाराचं स्वतःचं असतं आणि ते आपोआप लहान-लहान होत थांबणारच असतं; फक्त प्रत्येक झोक्याला कोणी जाऊन बोट लावायचं नाही. आणि हातानं धरून थांबवायलाही जायचं नाही, कारण स्प्रिंग ताणलेली राहते आणि हात सोडला की फळी पुन्हा उसळते. 'विचार करू नको, विसरून जा' असं जे लोक मायेनं सांगतात, ते आपल्याला दार धरून उभं राहायला सांगत असतात. रात्रभर कोण उभं राहणार?

ताईंनाही रात्री आठवलंच. हे मी नंतर विचारून घेतलं. मी त्या दिवशी बससाठी त्यांच्याबरोबर चालत निघालो होतो, मनात एकच उत्सुकता, की आता तरी त्या काही बोलतील. त्या मंडईशी थांबल्या, मेथीच्या जुडीची देठं मोडून पाहिली, भावावरून घासाघीस केली आणि पाऊस वाढला म्हणून जुडी पदराखाली घेतली. साहेब नाहीत, स्टेटमेंट नाही. न राहवून मीच म्हणालो, "ताई, तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. अजून आहे. पण त्याची वेळ मी उद्या साडेदहाची दिलीय."

साडेदहाला म्हणजे साहेबांकडं जाण्याची वेळ. काय न्यायचं ते ठरलं होतं, काय बोलायचं त्याची दोन वाक्यंही त्या पाठकोऱ्या स्लिपेच्या तळाशी लिहिलेली होती. रात्री दोन वाजता जाग आली आणि ते सगळं चालू झालं तेव्हा, त्या सांगत होत्या, "मी मनाला म्हटलं, अगं, लिहिलंय ना ते? साडेदहाला बोलणार आहेस ना? मग झोप." पुन्हा आलं, पुन्हा तेवढंच. मन एखादी गोष्ट पुनःपुन्हा पुढं आणतं ते पुष्कळदा एवढ्याचसाठी, की ती कोणी नोंदवून घेतलेली नाही. कधी, कुठं, काय करायचं हे ठरलं की त्याचा हेका थोडा ढिला पडतो. ढिला पडतो म्हणतो मी, सुटतो म्हणत नाही.

आणि तो 'अगं'! स्वतःला 'मी' न म्हणता नावानं किंवा द्वितीय पुरुषात हाक मारून बोललं तर ताणाच्या प्रसंगी माणूस जरा सावरून विचार करतो, असं मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी 2014 पासून प्रयोगानिशी मांडत आले आहेत. मी ते वाचलं आणि मला आपल्याकडचे संत आठवले. समर्थांनी दोनशेपाच श्लोक स्वतःच्या मनालाच 'अरे' म्हणून ऐकवले, आणि अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबा स्वतःचं नाव घेऊन बोलतात, जनाबाई घेतात, चोखोबा घेतात. आपलंच दुःख, पण हाक मात्र अशी, जशी शेजारी उभं राहून कोणी जाणत्यानं मारावी. ताईंच्या आईनं त्यांना तशी हाक मारली असती. रात्री दोनला आई नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच मारली.

साडेदहाला त्या आत गेल्या. कार्यालय नुकतंच उघडलेलं, पंखे हळू फिरत होते, साहेबांचा चहा अजून यायचा होता. मला प्रत्येक शब्द ऐकू आला, कारण मी कान लावून बसलो होतो.

"साहेब, जुलैचं स्टेटमेंट लावलंय. डीपी चार वीस येते, त्याप्रमाणं प्रस्ताव दुरुस्त केलाय. इथून पुढं समितीपुढं फाइल जाण्याच्या आदल्या दिवशी शेवटच्या स्टेटमेंटची तारीख मी पहिल्या पानावर लिहीन."

"हं."

"आणखी एक. चूक दाखवलीत ते बरोबरच होतं. पण ते मला एकटीला बोलावून सांगितलंत तरी मी तेवढंच ऐकते."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग साहेब म्हणाले, "ठेवा फाइल." एवढंच. माफी वगैरे काही नाही. ती अशा ठिकाणी क्वचितच मिळते, आणि तिची वाट पाहणं हाही उगाळण्याचाच एक सभ्य प्रकार आहे, असं मला हळूहळू वाटायला लागलं आहे. ताई बाहेर आल्या, दार झुललं, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या वाक्याचा साहेबांवर परिणाम झाला का? पुढं महिनाभर आवाज जरा खालच्या पट्टीत होता, मग पुन्हा पहिल्यासारखा. पण ताईंना बसमध्ये, पुलावर, उशीवर जे उत्तर द्यावं लागलं असतं ते देऊन झालं होतं, खऱ्या साहेबांना, खऱ्या टेबलापुढं, आणि त्यामुळं खोट्या साहेबांना बोलवायचं कारण उरलं नव्हतं.

मला एक सांगायला हवं, कारण नाहीतर हे सगळं फार सोज्वळ वाटेल. ताईंचे साहेब फटकळ होते, पण त्यांच्या बोलण्यात रेघ मारण्यासारखं एक वाक्य बहुतेक वेळा सापडायचं. पुढं दुसऱ्या एका ठिकाणी मी असा वरिष्ठ पाहिला, की त्याच्या बोलण्यात ते वाक्य नसेच. एका मुलीला तो रोज बोलायचा, तिच्या कपड्यांवर, तिच्या गावाच्या बोलीवर. मी शहाणपणानं तिला पाठकोऱ्या कागदाची युक्ती सांगितली. तिनं आठवडाभर लिहिलं आणि कागद मला दाखवला. रेघ मारायला काही नव्हतं. तिथं मन सावरण्याच्या युक्त्या पुरत नाहीत. पण तोच कागद, तारखा-वेळांसकट आणि समोर कोण होतं त्यांच्या नावांसकट, पुढं तक्रारीला उपयोगी पडला, आणि तिची बदली झाली. तिची झोप त्याआधीच गेली होती, डबा तसाच परत जात होता; दोन आठवडे असं चाललं की ते 'मनाला लावून घेणं' राहत नाही, डॉक्टरांना दाखवायचं दुखणं होतं. तिनं दाखवलं. बरं केलं.

आता अर्धी दारं गेली. काचेच्या केबिनी आल्या, त्यांतून आवाज येत नाही, नुसता हलणारा हात दिसतो. बोलणी तर बहुतेक मेलवरच येतात, रात्री साडेदहाला, चारजणांना प्रत लावून. एका परीनं ते बरं. वाक्यं जशीच्या तशी समोर असतात, माझ्यासारख्याला त्यांत 'लायकी' घालता येत नाही. पण तो मेल पुन्हा उघडता येतो, ही मोठीच अडचण. मी उघडायचो. जिन्यात, सिग्नलला, देवघरासमोर. आता मी त्यातली कामाची ओळ वहीत उतरवून घेतो, तिच्यापुढं उद्याची वेळ घालतो आणि तो मेल इनबॉक्समधून काढून, ज्याचं नाव चटकन आठवत नाही अशा एका फोल्डरमध्ये टाकतो. उत्तर सकाळी. तरीही कधीकधी रात्री जाग येते, आणि मी स्वतःला, घरी मारायचे त्या नावानं, हाक मारतो. बायकोला एकदा ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

ताई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी त्यांच्याकडं गेलो होतो, थालीपीठ आणि लोणी झालं, जुन्या गोष्टी निघाल्या. मी त्यांना ती चार वाक्यं म्हणून दाखवली, क्रमानं, मला पाठच होती. त्यांना एकही आठवेना. जूनचं स्टेटमेंट तेवढं आठवत होतं, आणि 60 हजारांचा फरक.

"साहेबांचं काही कळतं का हो?" मी विचारलं.

"कळतं म्हणजे! दर तीन-चार महिन्यांनी फोन असतो त्यांचा. ठेवीवर कुठली बँक किती व्याज देतेय ते विचारायला."